पान 19 वरचे 6 गुण

निकाल लागून महिना उलटला की विद्यापीठाच्या आवक विभागात एका ठरावीक प्रकारची पत्रे येऊ लागतात. त्यांतले एक इथे नमुना म्हणून घेतो. ते कुणा एका विद्यार्थिनीचे नाही. अशा पत्रांत पुन्हा पुन्हा जे दिसते ते एकत्र करून मांडले आहे. लिहिणारी मुलगी बी.कॉम.च्या शेवटच्या सत्राला आहे. परिव्यय लेखांकनाच्या, म्हणजे कॉस्टिंगच्या, लेखी पेपरात तिला 60 पैकी 21 गुण पडले आहेत. उत्तीर्ण व्हायला 24 लागतात. तिने लिहिले आहे:

“माननीय कुलसचिव साहेब, माझ्यावर झालेल्या घोर अन्यायाबद्दल हे पत्र लिहीत आहे. मी आजपर्यंत एकाही विषयात नापास झालेले नाही. कॉस्टिंगला फक्त 21 मार्क देऊन आपल्या विद्यापीठाने माझ्या आयुष्याशी खेळ केला आहे. परीक्षकांनी माझी पुरवणी उघडूनसुद्धा बघितलेली नाही. पेपर तपासताना ते झोपले होते का? वर्षभर वर्गात न बसणाऱ्या मुलांना चाळीस-चाळीस मार्क मिळतात, यामागे काय चालते ते सगळ्यांना माहीत आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पूर्ण बरोबर असून 5च मार्क दिलेत. बेरीजही चुकलेली आहे. व्हेरिफिकेशनचे पैसे भरले तर नो चेंज म्हणून सांगितले. माझे वडील रिक्षा चालवतात. माझे एम.कॉम.चे ॲडमिशन गेले तर त्याला विद्यापीठ जबाबदार राहील. माझ्या जिवाचे काही बरेवाईट झाले तर त्यालाही. आठ दिवसांत न्याय न मिळाल्यास मी कोर्टात आणि पेपरवाल्यांकडे जाईन.”

या मुलीचा राग खरा आहे आणि तिचे म्हणणेही बहुतेक खरे आहे. तिच्या उत्तरपत्रिकेत दोन ढळढळीत चुका आहेत आणि दोन्ही या पत्रात आल्या आहेत. पण त्या कशा आल्या आहेत ते पाहा. एक आरोपाच्या पोटात दडली आहे आणि दुसरी, जी सगळ्यांत भक्कम आहे, ती “बेरीजही चुकलेली आहे” या तीन शब्दांत उरकली आहे. कुठल्या पानावर, कुठल्या प्रश्नाची, किती गुणांची, याचा पत्ता नाही. आसन क्रमांकसुद्धा नाही.

हे पत्र कुलसचिवांच्या नावे असले तरी ते सर्वांत आधी त्यांच्यापर्यंत पोचत नाही. आवक विभागातला कारकून त्यावर शिक्का मारतो, क्रमांक टाकतो आणि विषय वाचून ते कुठल्या विभागाकडे जायचे ते ठरवतो. कुलसचिवांकडे उत्तरपत्रिका नसतात. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत परीक्षांचा कारभार परीक्षा व मूल्यमापन मंडळाच्या संचालकांकडे असतो, आणि कुलसचिव हे प्रशासनाचे प्रमुख आणि अभिलेखांचे राखणदार. म्हणजे पत्र शेवटी परीक्षा विभागातल्या एका टेबलावर येते. तिथला कर्मचारी त्यावर टिपणी लिहितो: अमुक विद्यार्थिनीने अमुक विषयाबाबत अमुक तक्रार केली आहे, सबब उत्तरपत्रिका काढून पडताळणी करण्यास मान्यता असावी. ही टिपणी सही होऊन आली की मगच गोदामातला गठ्ठा सुटतो.

आता वरच्या पत्रावरून ही टिपणी लिहायला बसा. “घोर अन्याय” टिपणीत लिहिता येत नाही. “काय चालते ते सगळ्यांना माहीत आहे” यावर कुणाची मान्यता मागायची? शिवाय गुणपडताळणी एकदा झाली आहे आणि तिचे उत्तर “बदल नाही” असे आले आहे, त्यामुळे तेच उत्तर परत पाठवणे सगळ्यांत सोपे. असे पत्र दुष्टपणामुळे बाजूला पडते असे मला वाटत नाही. त्यावर पुढची कृती काय करायची, हे पत्रच सांगत नाही. म्हणून नवे पत्र लिहिताना एकच कसोटी डोळ्यांसमोर ठेवावी: टिपणी लिहिणाऱ्याला त्यातली वाक्ये जशीच्या तशी उचलता आली पाहिजेत.

त्यासाठी आधी हातात उत्तरपत्रिकेची छायांकित प्रत हवी. आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा आणि तिची प्रत घेण्याचा विद्यार्थ्याला अधिकार आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या खटल्यात सांगितले. तपासलेली उत्तरपत्रिका माहितीच्या अधिकाराखालची ‘माहिती’ आहे, असा तो निकाल. परीक्षकाचे नाव मात्र उघड करायचे नाही, हेही त्याच निकालात आहे. प्रत्यक्षात बहुतेक विद्यापीठांची स्वतःची छायांकित प्रतीची सोय असते आणि निकालानंतर ठरावीक दिवसांत तिचा अर्ज भरावा लागतो. ही मुदत प्रत्येक विद्यापीठाच्या परिपत्रकात दिलेली असते आणि ती चुकवू नये. उत्तरपत्रिका कायमच्या जपून ठेवल्या जात नाहीत. जतनाचा काळ संपला की त्या रद्दीत जातात, आणि माहितीचा अधिकारही नसलेला कागद मिळवून देऊ शकत नाही.

आपल्या विद्यार्थिनीने प्रत मागवली होती, पण ती रागाच्या भरात चाळली होती. ती शांतपणे वाचायची म्हणजे काय करायचे? प्रश्नपत्रिका डावीकडे ठेवायची, प्रत उजवीकडे, आणि कोऱ्या कागदावर तीन रकाने आखायचे. पहिल्या रकान्यात प्रश्न क्रमांक. दुसऱ्यात आतल्या पानावर परीक्षकाने दिलेले गुण, पान क्रमांकासह. तिसऱ्यात मुखपृष्ठावरच्या तक्त्यात त्या प्रश्नापुढे लिहिलेले गुण. तिच्या पेपरात प्रत्येकी 12 गुणांचे पाच प्रश्न होते. पहिल्या प्रश्नाला आत 8 आणि तक्त्यात 8. दुसऱ्याला 5 आणि 5. तिसऱ्याला 8 आणि 8. चौथ्या प्रश्नाला पान 19 वर 6 गुण गोलात लिहिलेले आहेत, पण मुखपृष्ठावर चौथ्या प्रश्नाची चौकट कोरी. पाचवा प्रश्न पुरवणीत आहे. त्या पुरवणीच्या चारही पानांवर काहीच लिहिलेले नाही, आणि मुखपृष्ठावरही पाचवी चौकट कोरी. 8, 5 आणि 8 मिळून 21. बेरीज करणाऱ्याने बेरीज बरोबर केली आहे; त्याच्यासमोर दोन आकडे आलेच नाहीत.

आता तक्रारीचे तीन तुकडे वेगळे दिसू लागतात. चौथ्या प्रश्नाचे 6 गुण मुखपृष्ठावर उतरले नाहीत, ही नोंदीची चूक. पाचवा प्रश्न तपासलाच गेला नाही, ही मूल्यमापनातून सुटलेली बाब. आणि दुसऱ्या प्रश्नाला 5 ऐवजी 9 मिळायला हवे होते, हे तिचे मत. पहिल्या दोन गोष्टी कॉस्टिंगचा गंधही नसलेल्या माणसाला पान उघडून दाखवता येतात. तिसरी दाखवण्यासाठी विषयाचा जाणकार बसवावा लागेल, तो उत्तर पुन्हा वाचेल आणि कदाचित सहमत होईल, कदाचित नाही. तिसऱ्या गोष्टीसाठी पुनर्मूल्यांकनाचा वेगळा अर्ज असतो, त्याचे शुल्क वेगळे आणि मुदत वेगळी. त्यात गुण वाढतील की कमीही होऊ शकतील, हे त्या त्या विद्यापीठाच्या नियमात वाचूनच तो अर्ज भरावा.

हे तीन तुकडे एका पत्रात एकत्र घातले की नुकसान पहिल्या दोघांचे होते. वाचणारा “दुसऱ्या प्रश्नाला कमी गुण” या वाक्यापाशी थांबतो, ही पुनर्मूल्यांकनाची मागणी आहे असे ठरवतो, आणि पुनर्मूल्यांकनाची मुदत संपली असल्याचे कळवून पत्र निकाली काढतो. पान 19 कुणी उघडतच नाही. म्हणून दुसरा प्रश्न या पत्रातून पूर्णपणे काढायचा. तिचे मत चुकीचे आहे म्हणून नव्हे. त्याची जागा दुसऱ्या अर्जात आहे म्हणून.

उरलेले दोन मुद्दे लिहिण्याआधी ते पक्के आहेत ना, हे स्वतःच उलटून तपासावे लागते. इथे बरेच जण घाई करतात. पहिली शंका प्रश्नपत्रिकेवरच्या सूचनेची. “कोणतेही चार प्रश्न सोडवा” अशी सूचना असेल आणि पाच सोडवले असतील, तर एका प्रश्नाचे गुण बेरजेत न येणे ही चूक नाही. आपल्या उदाहरणात पाचही प्रश्न अनिवार्य आहेत, आणि म्हणूनच प्रश्नपत्रिकेचे पहिले पान पुरावा म्हणून जोडायला हवे. दुसरी शंका नियामकाची, म्हणजे मॉडरेटरची. परीक्षकाने दिलेले गुण नियामकाला बदलता येतात आणि तो सहसा वेगळ्या शाईने लिहितो. झेरॉक्समध्ये दोन्ही शाया काळ्याच दिसतात. पान 19 वरच्या 6 या आकड्यावर काट मारलेली आहे का, शेजारी दुसरा आकडा किंवा आद्याक्षरी आहे का, हे भिंगातून पाहावे इतके बारकाईने पाहावे. तसे काही असेल तर मुद्दा वेगळा होतो आणि मूळ उत्तरपत्रिका पाहू द्यावी एवढीच मागणी करता येते.

तिसरी शंका शून्याची. तपासून शून्य देणे आणि तपासायचे राहून जाणे यांत फरक आहे, आणि तो पानावर दिसतो. शून्य दिलेल्या उत्तराखाली शून्य लिहिलेले असते, निदान आडवी रेघ किंवा चुकीची खूण असते. पाचव्या प्रश्नाच्या चार पानांत बरोबरची खूण नाही, चुकीची नाही, अधोरेखन नाही, शून्य नाही. मुखपृष्ठावरच्या चौकटीत शून्य असते तर मुद्दा बराच दुबळा झाला असता; तीही कोरी आहे. आणि ही पुरवणी त्याच उत्तरपत्रिकेची होती, याचा पुरावा मुखपृष्ठावरच असतो: जोडलेल्या पुरवण्यांची संख्या तिथे लिहिलेली असते. तिच्या मुखपृष्ठावर “1” लिहिलेले आहे. पुरवणीच प्रतीत आली नसती, तर हाच आकडा सगळ्यांत मोठा आधार ठरला असता, आणि परीक्षा केंद्राकडची पुरवण्यांची नोंद तपासावी अशी मागणी करता आली असती.

संगणकाच्या पडद्यावर पेपर तपासण्याची पद्धत जिथे आहे, तिथे आतले गुण मुखपृष्ठावर न उतरण्याची चूक सहसा होत नाही, कारण बेरीज संगणक करतो. तिथे चुका स्कॅनिंगच्या टप्प्यावर शिरतात: पान सुटते, पुरवणी दुसऱ्याच्या नावावर चढते, बारकोड चुकीच्या आसन क्रमांकाला जोडला जातो. मुंबई विद्यापीठाने 2017 साली ही पद्धत घाईने सर्वत्र लागू केली तेव्हा निकाल महिनोन्महिने रखडले आणि उत्तरपत्रिकांची सरमिसळ झाल्याच्या तक्रारींचा ढीग लागला. अशा प्रतीत पहिल्यांदा पाहायचे ते पान क्रमांकांची साखळी आणि स्वतःचे अक्षर. 16 नंतर थेट 19 आले, किंवा अक्षरच आपले नसले, तर तेवढे एक निरीक्षण अख्ख्या पत्राला पुरते.

आता भाषेकडे. मूळ पत्रातले एक वाक्य घ्या: “परीक्षकांनी माझी पुरवणी उघडूनसुद्धा बघितलेली नाही.” हे तिने पाहिलेले नाही, हा तिने काढलेला निष्कर्ष आहे. परीक्षकाने पुरवणी उघडली असेल आणि गुण लिहायचे राहिले असतील, सुट्या कागदावर लिहिले असतील, काहीही झाले असेल. तिने पाहिले ते एवढेच: “पुरवणीच्या पान 1 ते 4 वर गुण, बरोबर-चूक खूण किंवा शून्य यांपैकी काहीही नाही.” पहिल्या वाक्याला “परीक्षकाने नियमानुसार तपासणी केली आहे” असे उत्तर देता येते. दुसऱ्या वाक्याला ते देता येत नाही, कारण उत्तर द्यायला पुरवणी उघडावीच लागते. “बेरीज चुकली” हेही असेच. बेरीज चुकलेलीच नाही, आणि गुणपडताळणीत कुणी फक्त मुखपृष्ठावरचे आकडे मिळवले असतील तर त्याला 21 बरोबरच दिसले असणार. खरे वाक्य असे: “पान 19 वर प्रश्न 4 साठी दिलेले 6 गुण मुखपृष्ठावरील तक्त्यात नोंदलेले नाहीत.”

इतर मुलांचे गुण काढून टाकायचे, कारण त्यांच्या उत्तरपत्रिका तिने पाहिलेल्या नाहीत. आधीच्या सत्रांतले गुणही काढायचे. ते तिच्या हुशारीचा पुरावा असतील, या पेपरातल्या चुकीचा नाहीत. वडिलांची रिक्षा काढताना मन धजत नाही, कारण एक पेपर राहिल्याने त्या घरावर काय बेतते ते मला कळते. पण त्या वाक्याने हे पत्र दयेची याचना बनते आणि तिला दया नको आहे. तिला स्वतःच मिळवलेले गुण हवे आहेत. “कृपाळू होऊन विचार व्हावा”, “ग्रेस द्यावी” असे शब्दही याच कारणाने टाळायचे. अडचण सांगायचीच तर तारखेसह सांगावी: एम.कॉम. प्रवेशाची शेवटची तारीख 31 जुलै आहे, सूचनेची प्रत सोबत. त्यातून घाई का आहे ते कळते आणि टिपणीत ते लिहिताही येते.

“जिवाचे बरेवाईट” हे वाक्य मात्र केवळ खोडून पुढे जाण्यासारखे नाही. पत्र लिहायला मदत करणाऱ्याने लेखणी खाली ठेवून आधी विचारावे, हे तू रागाने लिहिलेस की खरेच असे मनात येते? खरे असेल तर पत्र उद्या लिहिता येईल. आज तिच्याजवळ कुणी तरी बसायला हवे, घरच्यांना सांगायला हवे; टेलि-मानस ही सरकारची मोफत सेवा 14416 या क्रमांकावर रात्रंदिवस चालू असते. आणि वाक्य रागाचे असेल तर ते पत्रात ठेवू नये. ते वाचणाऱ्याचे सगळे लक्ष उत्तरपत्रिकेवरून उडून त्या वाक्यावर जाते, आणि उत्तर येते ते समुपदेशनाचे. पान 19 तसेच राहते.

कोर्टाची आणि पेपरवाल्यांची धमकीही आत्ता कामाची नाही. ज्याच्याकडे प्रकरण पहिल्यांदाच नीट मांडले जाते आहे, त्याला आधी उत्तर द्यायची संधी द्यावी. शिवाय वरच्या पायऱ्यांवर पहिला प्रश्न हाच विचारला जातो की खाली रीतसर अर्ज केला होता का. त्या वेळी हेच पत्र पुरावा म्हणून पुढे ठेवावे लागते, आणि त्यात धमक्या असल्या तर ते पुढे ठेवताना आपल्यालाच अवघड वाटते.

तर पत्र असे होते:

प्रति,
मा. कुलसचिव,
(विद्यापीठाचे नाव)
मा. प्राचार्य, (महाविद्यालयाचे नाव) यांच्यामार्फत

दिनांक: 17 जुलै

विषय: बी.कॉम. सत्र 6, परिव्यय लेखांकन: प्रश्न 4 चे गुण मुखपृष्ठावर न नोंदवल्याबाबत व प्रश्न 5 (पुरवणी) न तपासल्याबाबत. आसन क्रमांक ……, पीआरएन ……

संदर्भ: 1. निकाल दिनांक 12 जून. 2. छायांकित प्रत, प्राप्त दिनांक 27 जून. 3. गुणपडताळणी अर्ज क्रमांक ……, दिनांक 29 जून. 4. “बदल नाही” असे उत्तर, दिनांक 14 जुलै.

महोदय,

वरील विषयात मला 60 पैकी 21 गुण मिळाले असून उत्तीर्ण होण्यासाठी 24 गुण आवश्यक आहेत. उत्तरपत्रिकेच्या छायांकित प्रतीत पुढील दोन बाबी दिसतात.

1. पान 19 वर प्रश्न 4 साठी परीक्षकांनी 6 गुण दिले आहेत. मुखपृष्ठावरील तक्त्यात प्रश्न 4 ची चौकट कोरी आहे. तक्त्यातील एकूण गुण 21 हे प्रश्न 1, 2 व 3 यांच्या गुणांची (8, 5, 8) बेरीज आहेत. (जोडपत्र 1 व 2)

2. प्रश्न 5 चे उत्तर पुरवणीत पान 1 ते 4 वर आहे. या पानांवर गुण, खूण किंवा शून्य यांपैकी काहीही नाही, व मुखपृष्ठावर प्रश्न 5 ची चौकटही कोरी आहे. मुखपृष्ठावर जोडलेल्या पुरवण्यांची संख्या 1 अशी नोंद आहे. (जोडपत्र 1 व 3)

प्रश्नपत्रिकेतील सूचनेनुसार पाचही प्रश्न अनिवार्य होते. (जोडपत्र 4)

गुणपडताळणीच्या उत्तरात वरील दोन बाबींचा उल्लेख नाही. तरी मूळ उत्तरपत्रिका पाहून,

अ. प्रश्न 4 चे 6 गुण एकूण गुणांत समाविष्ट करावेत;
आ. प्रश्न 5 चे मूल्यमापन करून घ्यावे;
इ. त्यानुसार सुधारित गुणपत्रक द्यावे;
ई. यांपैकी एखादी बाब मान्य नसल्यास तिचे कारण लेखी कळवावे, ही विनंती.

एम.कॉम. प्रवेशाची अंतिम तारीख 31 जुलै असल्याने (जोडपत्र 7) निर्णय त्यापूर्वी व्हावा.

आपली विश्वासू,
(सही, नाव, संपर्क)

जोडपत्रे: 1. मुखपृष्ठ. 2. पान 19. 3. पुरवणी पान 1 ते 4. 4. प्रश्नपत्रिकेचे पहिले पान. 5. गुणपत्रक. 6. गुणपडताळणीचा अर्ज, पावती व उत्तर. 7. प्रवेशाची सूचना.

प्रत: मा. संचालक, परीक्षा व मूल्यमापन मंडळ.

या पत्रातल्या एका गोष्टीकडे मुद्दाम लक्ष वेधतो. मागणी क्रमांक अ आणि आ वेगवेगळ्या ठेवल्या आहेत. प्रश्न 5 ला किती गुण मिळतील ते कुणालाच माहीत नाही. शून्यही मिळू शकतात. पण प्रश्न 4 चे 6 गुण आधीच दिलेले आहेत, ते जोडले की 27 होतात आणि ती तेवढ्यावरच उत्तीर्ण होते. पाचव्या प्रश्नाच्या तपासणीला वेळ लागला तरी चौथ्याची दुरुस्ती त्यासाठी अडायला नको. “27 होतात” हे मात्र पत्रात लिहिलेले नाही. ते गणित परीक्षा विभाग करील, आणि स्वतः केलेले गणित नाकारणे कुणालाही जड जाते.

जोडपत्रांवर क्रमांक टाकावेत आणि पान 19 वरच्या 6 या आकड्याभोवती पेन्सिलने चौकोन करावा. पेनने काहीही लिहू नये. प्रतीत आपण काही भरले, अशी शंका यायला जागा ठेवू नये. मूळ प्रत स्वतःकडे राहू द्यावी आणि तिची झेरॉक्स जोडावी. पत्र आवक विभागात देताना दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का आणि आवक क्रमांक घ्यावा. पुढे चौकशीला गेल्यावर “माझ्या पत्राचे काय झाले” असे विचारण्याऐवजी तो क्रमांक सांगितला की नोंदवही उघडली जाते. महाविद्यालयाच्या अग्रेषण पत्रासाठी दोन-तीन दिवस लागत असतील तर एक प्रत थेट देऊन ठेवावी आणि प्राचार्यांमार्फतची मागाहून येत असल्याचे तीवर नमूद करावे.

उत्तर आलेच नाही, किंवा पुन्हा “बदल नाही” एवढेच आले, तर पुढची पायरी आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2023 च्या विद्यार्थी तक्रार निवारण विनियमांनुसार प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असायला हवी, आणि तिने तक्रार मिळाल्यापासून कामाच्या 15 दिवसांत अहवाल द्यायचा असतो. समितीचा निर्णय पटला नाही तर 15 दिवसांत लोकपालांकडे अपील करता येते. पण याच विनियमांत एक अट आहे आणि आपल्या पत्राच्या दृष्टीने तीच कळीची आहे: केवळ पुनर्मूल्यांकन करा किंवा गुण वाढवा असे अपील लोकपाल ऐकत नाहीत. निकालावर परिणाम करणारी विशिष्ट अनियमितता किंवा भेदभावाची विशिष्ट घटना दाखवली, तरच ऐकतात. न्यायालयांचाही कल तसाच आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2017 साली रणविजय सिंह विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या खटल्यात म्हटले की, नियमांत पुनर्मूल्यांकनाची तरतूद नसेल तर न्यायालयाने तसा आदेश क्वचितच द्यावा, आणि तोही चूक तर्क लढवल्याशिवाय स्पष्ट दिसत असेल तरच. दुसरा प्रश्न पत्रातून काढला नसता तर तिचे प्रकरण या दोन्ही ठिकाणी “गुण वाढवून मागणारी” म्हणून अडकले असते. आता ते प्रश्न 4 आणि प्रश्न 5 यांच्या कोऱ्या चौकटींवर उभे आहे.

समितीकडे जाताना नवे पत्र रचायची गरज नाही. हेच पत्र, आवक क्रमांकासह, आणि वर चार ओळी: या पत्रावर अमुक तारखेपर्यंत उत्तर आले नाही, किंवा आलेल्या उत्तरात बाब 1 आणि 2 यांचा उल्लेख नाही. कायद्याचा हवाला इथे एका ओळीत द्यावा. पहिल्या पत्रात तो घातला नव्हता, कारण परीक्षा विभागाला पान 19 पाहण्यासाठी कायद्याची गरज नसते.

दुरुस्ती झाली की काम तिथे संपत नाही, आणि मुले नेमकी इथे गाफील राहतात. सुधारित गुणपत्रक हाती येईपर्यंत महाविद्यालयाच्या निकालपत्रकात, संकेतस्थळावर आणि डिजिलॉकरमध्ये जुनाच 21 चा आकडा राहू शकतो, आणि एम.कॉम.च्या प्रवेश समितीला तोच दिसतो. म्हणून दुरुस्ती मान्य झाल्याचे पत्र लगेच मागून घ्यावे, 31 जुलैच्या आत ते प्रवेशाच्या ठिकाणी द्यावे, आणि गुणपत्रक मिळाल्यावर ज्या ज्या ठिकाणी जुना आकडा दिसत होता तिथे तो बदलला का, हे स्वतः उघडून पाहावे. जुने गुणपत्रक परत करायला सांगतात. ते देण्यापूर्वी त्याची झेरॉक्स काढून ठेवावी.